जाळीवरचा रुमाल

आबांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परभणीला झालं आणि मी तीन आठवड्यांची रजा काढून गावी आले. गाव झरीपासून जवळच. ऑपरेशन तसं किरकोळ, पण नंतरचं पथ्य लांबलचक: दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, खाली वाकायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. आणि आमच्या वडिलांना कुणी एखादी गोष्ट नको म्हटलं की नेमकी तीच करायची हौस. भाऊ आणि भावजय दिवसभर शेतात असतात. तेव्हा राखणीला मीच बरी, असं सगळ्यांचं एकमत झालं, एक मला सोडून.

मी दक्षिणेतल्या एका शहरात नोकरी करते. काय काम करते हे गावात सांगायचं म्हणजे दरवेळी पंचाईत. अंतराळात माणसं महिनोन्‌महिने राहतात त्या स्थानकातली हवा आणि पाणी पुन्हा पुन्हा वापरता यावं म्हणून जी यंत्रं लागतात, ती आम्ही बनवतो. त्यातलं उच्छ्‌वासातला कार्बन डायऑक्साइड काढून घेणारं यंत्र माझ्याकडे. एवढं सगळं ऐकून घेऊन आमच्या शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं होतं की मग आमचा कूलर बघतीस का, लय घरघर करायलाय. मी बघितला. पंख्याला आंघोळीचा टॉवेल अडकला होता.

त्या तीन आठवड्यांत मला खरं म्हणजे तिकडेच असायला हवं होतं. आमच्या इथल्या मोठ्या दालनात पोलादाची एक बंद खोली आहे, आडव्या टाकीच्या आकाराची. तिच्यात चार माणसं महिनाभरासाठी कोंडून घेतली होती. म्हणजे स्वखुशीनं. आतली हवा आतच फिरणार, आतलं पाणी आतच फिरणार, आणि माझं यंत्र पहिल्यांदाच सिलिंडरमधल्या गॅसवर नाही तर खऱ्या माणसांच्या श्वासावर चालणार. दहा वर्षं मी ज्याच्या मागे होते ते तिकडे सुरू होतं आणि मी इकडे ओसरीवर बसून आबांच्या डोळ्यात थेंब घालत होते. मला वाईट वाटत होतं, ते मी लपवत नव्हते.

एक धागा मात्र माझ्या हातात ठेवला होता. आतल्या प्रत्येकाला रोज अर्धा तास बाहेरच्या आपल्या एका माणसाशी बोलायची मुभा होती. कामाचं नाही, नुसत्या गप्पा. त्याचं ध्वनिमुद्रण होत नसे, नोंद होत नसे. माणसाला तेवढा तरी आडोसा हवा. आतल्या चौघांपैकी एक माझा सात वर्षांपासूनचा सहकारी होता, समुद्रकाठच्या गावातला. मोठ्या बहिणीला तिकडे अक्का म्हणतात, तो मलाही अक्का म्हणायचा. त्यानं गप्पांसाठी माझं नाव दिलं होतं. त्याची पाळी रात्रीची, त्यामुळे तो दुपारनंतर झोपायच्या खोपट्यात शिरायचा आणि दिवेलागणीला, पुन्हा डोळा लागायच्या आधी, मला फोन लावायचा. मी लॅपटॉप ओसरीवर मांडायची. शेजारी बाजेवर आबा, काळा चष्मा लावून, कानाला मफलर गुंडाळून.

आम्ही दोघं इंग्रजीत बोलायचो. आबांना त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण ते रोज न चुकता ऐकायला बसत. डोळ्याला काही करमणूक नव्हती, म्हणून कान कामाला लावले होते. फोन संपला की मग प्रश्न सुरू.

"काय म्हनत व्हता?"

मी सांगायची. आज पाणी कडवट लागलं म्हणत होता, आयोडीनमुळे. आज भात झाला, भाजी पाकिटातली. मग आबा मूळ मुद्द्यावर यायचे, रोज, नव्यानं: ते पाणी नेमकं कुठून येतं. चौघांच्या लघवीचं वाफ करून पाणी काढतात. घामाची आणि श्वासाची वाफ थंड पत्र्यांवर धरून तिचंही पाणी करतात. मग गाळण्या, मग तापवून उरलीसुरली घाण जाळणं, मग आयोडीन, आणि मग नळ. आज प्यालेलं पाणी दोन-चार दिवसांनी पुन्हा पेल्यात. मला वाटलं होतं ते तोंड वाकडं करतील. ते म्हणाले की म्हणजे त्या चौघांत आता कुणाचं पाणी कुणाचं हे देवालाबी सांगता यायचं न्हाई. त्यांना ते आवडलं होतं. नंतर दोन दिवस ते चहा पिताना मधेच थांबून पेल्यात बघत असायचे.

हवेचं मात्र त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. किंवा असं म्हणते, की त्यांनीच मला लहानपणी समजावलं होतं.

आबा पेवं उघडायचे. आता पेवं राहिली नाहीत, म्हणून सांगते. जमिनीत खोल खड्डा, तोंड माणूस शिरेल एवढं, खाली पोट मोठं. आतून गवताचं अस्तर, मग ज्वारी भरायची आणि तोंड दगडमातीनं लिंपून टाकायचं. वर्ष-दोन वर्षं ज्वारी तशीच राहायची, कीड लागायची नाही. कीड का लागत नाही ते मला कॉलेजात कळलं. दाणा जिवंत असतो, तोही श्वास घेतो. बंद पेवातला ऑक्सिजन हळूहळू संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि किडे गुदमरून मरतात. माणूस उतरला तर तोही मरतो. म्हणून पेव उघडलं की रात्र-दिवस तसंच ठेवायचं, घोंगडी खालीवर करून आतली हवा ढवळायची, दोरीनं कंदील थेट तळापर्यंत सोडायचा. कंदील जळत राहिला की कमरेला दोर बांधून एकानं उतरायचं. आणि उतरलेल्यानं सतत बोलत राहायचं. काहीही. पोती मोजायची, बायकोला शिव्या द्यायच्या, ओव्या म्हणायच्या. तोंडाशी बसलेला ऐकत राहायचा. आबा तोंडाशी बसायचे. मी त्यांच्या मांडीला टेकून पेवातून येणारा आंबूस, गार वास घेत बसायची आणि खालून येणारा आवाज ऐकता ऐकता माझा डोळा लागायचा.

माझं यंत्र म्हणजे ती घोंगडी. एक माणूस दिवसाला साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड सोडतो. पंखा खोलीतली हवा ओढतो, ती आधी पूर्ण कोरडी करावी लागते, मग ती झिओलाइट नावाच्या खनिजाच्या खड्यांमधून जाते. त्या खड्यांना कार्बन डायऑक्साइड आवडतो, पण पाणी त्याहून जास्त आवडतं. ओली हवा दिली की ते पाण्यानंच पोट भरतात आणि मुख्य काम विसरतात. खड्यांचं एक भांडं वायूनं भरत असताना दुसरं तापवून रिकामं करायचं, आणि सुटलेला वायू हायड्रोजनबरोबर घालून त्यातून पुन्हा थोडं पाणी मिळवायचं. हायड्रोजन कुठून येतो, तर पाणी फोडून श्वासासाठी ऑक्सिजन काढतात त्यातून उरतो. मला हे सगळं मनात फिरवत बसायला आवडतं. कुणी विचारलं नाही तरी मी ते फिरवत बसते.

त्या दिवसांत माझं दुसरं होतंच काय. दुपारी गाव चिडीचूप. कडुलिंबाखाली म्हैस बसलेली, आबा घोरत, आणि मी त्यांच्या छातीकडे बघत मोजायची. एवढा श्वास आत, एवढा बाहेर. बाहेर पडलेला दारातून अंगणात जातो, कडुलिंबाला लागतो, कुठेतरी दूर ज्वारीच्या पानात शिरतो. कुणी पंखा चालवत नाही, कुणी भांडी बदलत नाही. एकदा संध्याकाळी खरं स्थानक आमच्या गावावरून गेलं. मावळतीकडून एक ठळक ठिपका वर आला, लुकलुकत नव्हता, आणि सावकाश पूर्वेकडे जाऊन विझला. मी आबांना सांगितलं की आत्ता वरून सात-आठ माणसं गेली. ते चष्म्याआडून वर तोंड करून बसले आणि म्हणाले की श्वास घेत घेतच गेली असतील. मला हसू आलं, आणि का कोण जाणे, डोळ्यात पाणीही आलं.

आता चुकीकडे येते.

एका संध्याकाळी माझा सहकारी कुरकुरत होता. झोपायचं खोपटं कपाटाएवढं, दार लावलं की काळोख, आणि डोक्याशी हवेची जाळी. तिच्यातून गार झोत सारखा उजव्या कानावर यायचा. दोन दिवस कान ठणकत होता. मी त्या वेळी आबांचा मफलर नीट करत होते, कारण बाहेर जरा वारं सुटलं होतं. आमच्याकडे कानाला वारं लागणं म्हणजे मोठंच दुखणं. मे महिन्यात रस्त्यावर डांबर वितळत असतं तेव्हासुद्धा माणसं मोटरसायकलवर कान बांधून जातात. मी हसत म्हटलं, मग टाक ना रुमाल त्या जाळीवर, एवढं काय.

ही मी. जिनं ती जाळी कुठे हवी, किती मोठी हवी यावर महिनाभर वाद घातला होता. अंतराळात गरम हवा वर जात नाही. झोपलेल्या माणसानं सोडलेला श्वास त्याच्याच तोंडाभोवती साचून राहतो, म्हणून झोपायच्या खोपट्यात डोक्याशी वारा खेळता हवाच. जमिनीवर एवढं नसतं, पण दार बंद असलेल्या कपाटात फरक फारसा नाही. हे सगळं पाठ असलेली बाई लॅपटॉपपुढे बसली होती, आणि बोलली मात्र झरीजवळच्या गावातली पोर. नंतर आम्ही दुसऱ्याच गप्पांना लागलो आणि मी ते साफ विसरले.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा ओसरीवर नुकताच दिवा लागला होता. तो खुशीत होता. त्याच्या लहानपणाच्या समुद्राबद्दल बोलायला लागला. पहाटे भिजलेली वाळू, आईनं घातलेली रांगोळी, रांगोळीतले तांदळाचे कण टिपायला आलेल्या मुंग्या. सावकाश, एकेक शब्द चघळत बोलत होता. इतक्या वर्षांत तो असं कधी बोलला नव्हता. मला वाटलं, बंद खोलीत राहून माणूस हळवा झालाय, आणि मीही हळवी झाले. मी भिंतीला डोकं टेकून ऐकत राहिले. ती वाळू मला दिसायला लागली. मधेच त्याचं वाक्य अर्धं राहायचं, मग पुन्हा त्याच मुंग्या यायच्या. मला वाटलं, असू दे. असं काही ऐकायला मिळत नाही रोज.

आबा बाजेवर उठून बसले.

"पोरी, ह्याला वर काढ."

मी हातानंच त्यांना गप्प केलं. त्यांनी माझं मनगट धरलं.

"दोन शब्दांमदी दम घ्यायलाय त्यो. आवाज जड झालाय. वर काढ त्याला."

मी लॅपटॉपच्या कोपऱ्यातला आकडा बघितला. आतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड, दर मिनिटाला बदलणारा आकडा, माझ्या यंत्राची नाडी. अगदी ठीक होता. कालच्यापेक्षा थोडा कमीच. मी आबांना सांगितलं की मोजमाप चांगलं आहे, तो झोपेला आलाय इतकंच. ते म्हणाले की मोजमाप मला सांगू नको, त्याला बोलतं ठेव आणि कुणाला तरी त्याच्याकडे पाठव.

आणि मी थांबले. हे लिहायलाच हवं. मी किती वेळ थांबले ते मला ठाऊक नाही, दहा सेकंद असतील, अर्धा मिनिट असेल. माझ्या मनात काय होतं तेही सांगते. नियंत्रण कक्षाला फोन केला की नोंद होणार. हवेची तक्रार म्हणजे माझ्या यंत्राची तक्रार. दहा वर्षांनी पहिल्यांदा सरळ चाललेली चाचणी, आणि तिच्यावर पहिला डाग मीच पाडायचा, तोही गावातल्या एका म्हाताऱ्याच्या कानाच्या भरवशावर, ज्याला इंग्रजीतलं यस-नो सोडून काही येत नाही. मग माझ्या लक्षात आलं की तो आकडा मोजणारा डबा मोठ्या खोलीत आहे, परतीच्या हवेच्या तोंडाशी. खोपट्याच्या आत काही नाही. आबांच्या भाषेत, कंदील अर्ध्यावरच लटकतोय.

मी त्याला विचारलं, डोक्याशी वारा लागतोय का. तो हसला. म्हणाला, नाही अक्का, तूच सांगितलंस ना, रुमाल.

एका हातानं मी मोबाइलवर नियंत्रण कक्ष लावला आणि तोंडानं त्याच्याशी बोलत राहिले, त्याला मुंग्या मोजायला लावल्या. तो चुकत होता. मग लॅपटॉपमधून दार सरकल्याचा आवाज आला, दुसऱ्या कुणाचा तरी आवाज आला, त्याचं नाव घेऊन हाका, आणि फोन तुटला. आबा माझं मनगट सोडायला तयार नव्हते.

तासाभरानं कळलं. त्याला मोठ्या खोलीत आणून हवेच्या झोतापुढे बसवलं होतं, डोकं फुटायला आलं होतं, एकदा उलटी झाली, पण शुद्ध होती. हातात धरायच्या यंत्रानं खोपट्यातली हवा मोजली तर कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या कित्येक पट निघाला. दुपारपासून दार लावून तो आपलाच श्वास पुन्हा पुन्हा घेत पडला होता. जाळीवर नुसता रुमाल टाकलेला नव्हता, चारी कडा नीट आत खोचल्या होत्या. त्याचं काम नेहमीच नीट असतं. तसाच झोपला असता तर त्याच्या पाळीच्या वेळेपर्यंत काय झालं असतं, हे डॉक्टर बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

चाचणी थांबवली नाही. यंत्राचा दोष नव्हताच. दुसऱ्या दिवशी चौकशीचा फोन आला आणि माझ्या साहेबांनी सांगितलं की त्यानं कबूल केलंय, कान दुखत होता म्हणून स्वतःच्याच मनानं जाळी बंद केली. नियम माहीत असून केलं. पुढच्या, जास्त लांबच्या चाचणीच्या यादीतून त्याचं नाव बहुतेक जाईल. मी म्हटलं, अच्छा. खरंच एवढंच म्हटलं.

ती पुढची चाचणी म्हणजे त्याचं सगळं होतं. तिच्यातून निवडलेली माणसं पुढे खऱ्या उड्डाणाच्या प्रशिक्षणाला जाणार होती. सात वर्षं तो त्यासाठी पळत होता, पोहत होता, गोड खात नव्हता. आणि त्यानं मला वाचवलं होतं, न सांगता. मी स्वतःला सांगत राहिले की तो शिकलेला माणूस आहे, लहान मूल नाही. की मी मस्करीत बोलले होते. की माझं नाव आलं तर यंत्राच्याच कामातून मला बाजूला काढतील आणि मग ते पूर्ण कोण करणार. मला पटत होतं. दोन दिवस मी स्वयंपाकात मीठ घालायला विसरत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी थेंब घालताना आबांनी विचारलं की त्या पोराचं पुढं काय झालं. मी सांगितलं. सगळंच सांगितलं, रुमालासकट. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, थेंब गेलेला डोळा मिटलेला. मला वाटलं, ते म्हणतील जाऊ दे. त्याऐवजी त्यांनी मला पेवाच्या कामातल्या त्यांच्या जोडीदाराची गोष्ट सांगितली.

हा माणूस मी पाहिलेला नाही, माझ्या जन्माआधीच तो गेला होता. पेवात गुदमरून गेला एवढं गावाला माहीत होतं. दारू पिऊन उतरला, असंही गावाला माहीत होतं. आबा म्हणाले की त्या दिवशी तो प्यालेला नव्हता. तो उतरायला तयारच नव्हता. कंदील सोडला होता आबांनी. दोर आखूड होता, लांब दोर आणायला घरी जावं लागलं असतं, आणि ऊन चढत होतं. कंदील अर्ध्यावर टांगलेला, छान जळत होता. जड हवा तळाला बसते हे दोघांनाही ठाऊक होतं.

"मीच म्हनलो, जळायलाय की, उतर. दारूचं कुनीतरी नंतर उठवलं. म्या ऱ्हाऊ दिलं."

त्यानंतर ते कुणाला उतरवताना नुसत्या कंदिलावर विसंबेनासे झाले, उतरलेल्याला बोलतं ठेवून ऐकायला लागले. लहानपणी मला वाटायचं की ती पेवाची रीतच आहे. ती आबांनी सुरू केलेली होती.

मी अंगणात जाऊन साहेबांना फोन केला. रुमाल मी सांगितला होता, इतकं एकच वाक्य बोलले. पुढचं थोडक्यात सांगते. अहवालात माझं नाव आलं. गप्पांच्या यादीतून मला काढलं, आणि वर्षभर यंत्राच्या कामाला मंजुरी द्यायची सही दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेली. त्याचं नाव यादीत राहिलं. प्रत्येक खोपट्यात आता वेगळा मोजणारा डबा आहे, आणि जाळीचा झोत हवा तिकडे वळवता येतो. तो माझ्यावर चिडला, महिनाभर बोलला नाही. म्हणाला, मी एवढं केलं ते कशासाठी. मग बोलायला लागला.

फोन करून मी ओसरीवर आले तर आबांनी चपला घातल्या होत्या. म्हणाले, चल. कुठे ते मी विचारलं नाही. डॉक्टरांनी धुळीत जाऊ नका म्हटलं होतं, याची मी त्यांना आठवण करून दिली आणि त्यांनी ते ऐकलंच नाही.

जोडीदाराची बायको गावाच्या त्या टोकाला, मुलाच्या घरी राहते. आबांच्याच वयाची, कमरेत वाकलेली. परातीत तुरी घेऊन निवडत बसली होती. आबा तिच्या समोर जमिनीवर बसले, काळा चष्मा काढला, मी नको म्हणेपर्यंत काढलाच. आणि त्यांनी सांगितलं. दोर आखूड होता, मी उतर म्हटलं, तो प्याला नव्हता. तीन वाक्यं. पन्नासेक वर्षं झाली असतील त्याला.

तिचे हात थांबले नाहीत. खडा दिसला तसा तिनं तो बाजूला टाकला. ती रडली नाही, शिवी दिली नाही. माझ्या मनात आलं की तिला ऐकूच गेलं नसेल. मग तिनं आबांना नाही, मला विचारलं.

"तू हवेचंच शिकलीस म्हनं. त्यायला लय तरास झाला असंल का गं?"

मी आजवर या विषयावर देशापरदेशात बोलले आहे, पडद्यावर आकृत्या दाखवून. असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी तिच्या जवळ सरकून बसले आणि मला ठाऊक होतं तेच सांगितलं. की तळाला ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. की पहिल्या दोन-चार श्वासांत छाती भरून येते, दम लागतो, तेवढं कळतं. पण ते थोडाच वेळ. मग गुंगी येते, आणि त्यानंतर माणसाला काही कळत नाही. तो हाका मारत पडला नसेल.

"हाका न्हाई मारल्या," आबा म्हणाले. "म्या ऐकत व्हतो."

तिनं मान हलवली. परात बाजूला सारली, हात पदराला पुसले, आणि आत तोंड करून सुनेला सांगितलं की त्या दिशी ह्यायनी, तुझ्या सासऱ्यानी, प्यालेलं नव्हतं. सुनेला काही कळलं नाही, ती दारात येऊन आमच्याकडे बघत राहिली. म्हातारीनं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, म्हणजे बाहेर ओट्यावर बसलेल्या मुलालाही ऐकू जावं.